डेंड्रोग्राम कुठे कापायचा? लांबच्या एका बिंदूला विचारू नका

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्हा दोनदा हलला: ६:०८ ला ४.५ रिश्टर आणि अकराच मिनिटांनी ३.६. मग १० जुलैला पुन्हा ४.५. आखाडा बाळापूरच्या परिसरातल्या असल्या धक्क्यांचे केंद्रबिंदू नकाशावर मांडले, की पहिला प्रश्न येतो: यातले कोणते एकत्र धरायचे?

सोयीसाठी एका रेषेवर सहा काल्पनिक केंद्रबिंदू घेऊ. अंतरं किलोमीटरमध्ये: अ ०, ब १, क ३, ड १०, इ १२, फ ३०.

आधी श्रेणीबद्ध क्लस्टरिंग, सिंगल लिंकेजने. म्हणजे दोन गटांतलं अंतर मोजताना त्यांचे सर्वांत जवळचे बिंदू धरायचे. अ-ब १ वर जुळतात, त्यांना क २ वर मिळतो. ड-इ पण २ वर. हे दोन गट ७ वर एक होतात आणि शेवटी फ १८ वर येतो. डेंड्रोग्राममधली प्रत्येक आडवी दांडी म्हणजे एक जुळणी, आणि तिची उंची म्हणजे ते अंतर. वाचायची ती फक्त उंची. खाली नावं शेजारी आली म्हणून बिंदू जवळचे ठरत नाहीत. कुठलीही फांदी फिरवली तरी झाड तेच राहतं, त्यामुळे फ हा अ च्या शेजारीही काढता येतो, आणि त्यांच्यात तर ३० किमी आहेत!

आता माझा आक्षेप. बऱ्याच नोट्समध्ये सांगतात, 'उंचीतली सर्वांत मोठी उडी शोधा आणि तिथे कापा.' इथे ती ७ आणि १८ च्या मधे आहे. तिथे कापलं तर एकीकडे पाच जण, दुसरीकडे एकटा फ. म्हणजे लांबच्या एका धक्क्याने सगळ्यांचे गट ठरवले. २.५ वर कापलं तर अबक, डइ आणि फ असे तीन गट मिळतात, पण एकटा फ सुद्धा 'गट'च म्हणवतो.

डीबीस्कॅन हा घनतेवर चालतो. `eps` २.५ आणि `min_samples` ३ ठेवा. स्वतःला धरून ब च्या टप्प्यात तीन बिंदू येतात, म्हणून अबक हा गट. ड, इ आणि फ यांना तो सरळ नॉइज म्हणतो. `min_samples` २ केलं, की २.५ वर कापलेलेच गट परत येतात, फक्त फ नॉइज राहतो. म्हणजे सिंगल लिंकेजपुरता खरा फरक एवढाच: गट म्हणायला किती गर्दी लागते?

अर्थात डीबीस्कॅनमध्येही `eps` आपणच निवडतो. केंद्रबिंदूच्या जागेतच पाच किमीची चूक असेल, तर २.५ ला काही अर्थ नाही. आणि अक्षांश-रेखांश तसेच टाकून `eps` ०.५ ठेवलं, तर उत्तर-दक्षिण टप्पा सुमारे ५५ किमी होतो. बाळापूरहून मोजलं तर हिंगोली आणि नांदेड दोन्ही शहरं त्यात येतात. म्हणून आधी एकक बघा, मग जागेतली चूक, आणि कापायचं कुठे ते त्यानंतर.