पहिल्या तासाचं पाणी

«लहानपणापासून मला पाण्याच्या प्रश्नाविषयी तळमळ वाटत आली आहे. दुष्काळी भागात वाढल्यामुळे पाण्याचं मोल मला फार लवकर कळलं. या क्षेत्रात उच्च शिक्षण घेऊन मला जगात बदल घडवायचा आहे.»

लातूर जिल्ह्यातल्या एका सिव्हिल इंजिनिअर मुलीने परदेशातल्या एम. एस.च्या अर्जासाठी लिहिलेल्या एसओपीची ही पहिली तीन वाक्यं. मूळ मजकूर इंग्रजीत होता. इथे तो तिच्या परवानगीने मराठीत मांडतो आहे. काही आठवड्यांनी त्याच जागी तिने पुढचा परिच्छेद लिहिला. मला रसग्रहण करायचं आहे ते या दुसऱ्या मजकुराचं.

«बी. ई.च्या प्रकल्पासाठी मी आमच्या गावातल्या ६ मीटर व्यासाच्या विहिरीवर उपसा-चाचणी घेतली. पंपाच्या पाण्याने २०० लिटरचा ड्रम ३६ सेकंदांत भरत होता, म्हणजे तासाला २०,००० लिटर. पहिल्या तासात पातळी ६५ सेंटिमीटर उतरली. हे आकडे मी थाइसच्या सूत्रात घातले. उत्तर आलं आणि मी ते अहवालात लिहूनही टाकलं. नंतर विहिरीचं क्षेत्रफळ काढलं तेव्हा लक्षात आलं, की त्या तासात उपसलेल्या पाण्यापैकी सुमारे १८,४०० लिटर विहिरीत आधीच साठलेलं होतं. खडकाने दिलं ते १,६०० लिटर. मी खडक मोजत नव्हते, विहीर मोजत होते.»

परिच्छेदात तळमळ, ध्यास, आवड यांपैकी एकही शब्द नाही. तरी ही मुलगी या विषयात रमलेली आहे याबद्दल वाचणाऱ्याला शंका उरत नाही. हे कसं जमलं ते पाहू.

सुरुवात व्यासापासून होते, आणि कथेतलं सगळं नाट्य त्या ६ मीटरमध्येच दडलेलं आहे. सी. व्ही. थाइस यांनी १९३५ साली मांडलेलं सूत्र असं गृहीत धरतं, की विहीर इतकी बारीक आहे की तिच्यात साठलेल्या पाण्याचा हिशेब धरण्याची गरज नाही. बोअरवेलला हे बरंचसं चालतं. आपल्याकडच्या दगडी बांधकामाच्या रुंद विहिरीला चालत नाही. एम. एस.चे अर्ज बहुधा त्या विभागातलेच प्राध्यापक वाचतात. भूजल शिकवणाऱ्या प्राध्यापकाने पहिल्या वाक्यात ६ मीटर वाचलं आणि चौथ्यात थाइसचं नाव वाचलं, की त्याच्या भुवया वर जाणार: अगं, हे सूत्र इथे कसं लावलंस? हा प्रश्न त्याच्या मनात येईपर्यंत ती थांबते, आणि मग उत्तर देते. हा क्रम तिने जाणूनबुजून ठेवला की सहज आला, ते मी विचारलं नाही.

पुढे येतो ड्रम. कॉलेजकडे प्रवाहमापक नव्हता, हे ती सांगत नाही. असे मसुदे वाचताना ‘साधनांचा अभाव असूनही जिद्दीने’ हे शब्द मी इतक्यांदा वाचले आहेत की डोळा त्यांवरून घसरतो. इथे ड्रम आणि घड्याळ एवढंच दिसतं. अभाव आणि जिद्द दोन्ही वाचणारा स्वतः जोडून घेतो. शिवाय ड्रमचा आकडा तपासता येतो. ३६ सेकंदांत २०० लिटर, तर ३,६०० सेकंदांत २०,०००. विहिरीचं क्षेत्रफळ सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर, त्याला ०.६५ ने गुणलं की १८.४ घनमीटर. वाचणारा समासात पेन्सिलीने गुणाकार करतो आणि तो जुळतो. लिहिणाऱ्यावर विश्वास बसतो तो असा.

सगळ्यात मला आवडलेले शब्द मात्र साधे आहेत: «उत्तर आलं आणि मी ते अहवालात लिहूनही टाकलं.» सूत्रात आकडे घातले की उत्तर येतंच, सूत्र काही ‘मला इथे वापरू नकोस’ असं ओरडत नाही. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणावरची यापेक्षा नेमकी टीका मी अलीकडे वाचलेली नाही, आणि ती टीकेचा सूर न लावता आली आहे.

आता खटकलं ते. १,६०० हा आकडा तिने फारच ठामपणे लिहिला होता. ही दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे, आणि अशा वजाबाकीत मोजमापातली चूक सगळी उरलेल्या लहान आकड्यावर येऊन बसते. पाणी खाली गेलं की पंपाला ते जास्त उंच उचलावं लागतं, त्यामुळे उपसा कमी होतो. गावात व्होल्टेज पडलं तरी होतो. ड्रम एकदाच भरून पाहिला असेल आणि तासाची सरासरी प्रत्यक्षात १९,००० असेल, तर खडकाचा वाटा १,६०० वरून ६०० वर येतो. टेप वाचताना एका सेंटिमीटरची चूक झाली, तर पावणेतीनशे लिटरांचा फरक पडतो. मी एवढंच विचारलं, “ड्रम किती वेळा भरलास?” ती वही घेऊन आली. दर पंधरा मिनिटांनी एकदा भरला होता आणि शेवटी ३७ सेकंद लागत होते. मग वाक्य बदललं: «खडकाने दिलं ते फार तर हजार-दोन हजार लिटर, आणि माझ्या मोजमापातली चूकही जवळपास तेवढीच असू शकते.» दिसायला हे वाक्य पहिल्यापेक्षा दुबळं आहे. पण संशोधनाला विद्यार्थी निवडणारा माणूस नेमकं हेच शोधत असतो: आपल्या आकड्यावर किती विसंबायचं, हे या मुलीला कळतं का?

‘लहानपणापासून’ गेलं, पण ते सहज गेलं नाही. पहिल्या मसुद्यात दुसरा परिच्छेद २०१६ च्या एप्रिलचा होता: मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं ते दिवस, स्टेशनवरची गर्दी, घरातली घागरींची रांग. “पण सर, हे खरं आहे,” ती म्हणाली. खरं होतंच. पण त्या वर्षी लातुरात राहणाऱ्या प्रत्येकाचं ते खरं आहे, आणि त्यातले बहुतेक लोक भूजलशास्त्राकडे वळले नाहीत. ती गाडी लातूरबद्दल बरंच सांगते, हिच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. बालपणाच्या आठवणीत माणूस बहुधा पाहणारा असतो. निवड करणाऱ्याला त्याने काय केलं, काय चुकलं आणि त्यावर तो काय म्हणाला, ते हवं असतं. शेवटी गाडीला अर्धं वाक्य मिळालं. मला तेही काढावंसं वाटत होतं, पण तिने ऐकलं नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

ही सवय येते कुठून, याबद्दल माझा एक संशय आहे. शाळेत ‘मी डॉक्टर झालो तर’ छापाच्या निबंधांत शेवटी समाजसेवा आली की गुण मिळतात. दहावीच्या निकालानंतर वर्तमानपत्रांत गुणवंतांच्या मुलाखती येतात, त्यांतही देशासाठी काहीतरी करायचं असतंच. सोळाव्या वर्षी ठीक आहे. बाविसाव्या वर्षी तेच वाक्य इंग्रजीत जातं, आणि परदेशी पाठवणी करणाऱ्या सल्लाकेंद्रांचे तयार साचे त्याला इस्त्री करून देतात.

नुसता तपशील घातला की काम झालं, असंही नाही. ब्रिटनमध्ये पदवी प्रवेशाचे अर्ज यूकास या संस्थेमार्फत जातात. २००७ मध्ये त्यांनी सुमारे ५०,००० अर्जांतली निवेदनं संगणकाने ताडून पाहिली, तेव्हा २३४ जणांनी एकच आठवण सांगितलेली निघाली: आठव्या वाढदिवशी रसायनांच्या खेळण्याने पायजम्याला भोकं पडली आणि तिथून विज्ञानाचं वेड लागलं. वय, वाढदिवस, पायजमा, भोकं, सगळं नेमकं. मूळ कुणा एकाचं होतं, बाकीच्यांनी उचललं. पण पायजम्याची गोष्ट उचलता आली, याचं कारण तिच्यातून पुढे काहीच निघत नव्हतं. कुठली रसायनं, भोकं का पडली, मग त्या मुलाने काय करून पाहिलं, यातलं काही सांगायची गरजच पडली नाही. विहिरीचा परिच्छेद चोरला, तर पुढच्या वाक्यात चोर अडकेल.

कारण पुढच्या वाक्यातच ‘जगात बदल’ची जागा भरायची होती. तिथे तिने लिहिलं: «रुंद विहिरीतल्या साठ्याचा हिशेब धरणारी रीत पापाडोपुलस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिली आहे, पण तीही एकसारख्या थरावर आधारलेली आहे. आमच्याकडचा बेसॉल्ट तसा नाही. वर मुरूम, खाली भेगा, मधे कोरडा कातळ. पंप बंद केल्यावर विहिरीत जे पाणी चढतं ते मात्र सगळं खडकाचंच असतं. या भरण्याच्या नोंदींवरून खडकाबद्दल किती खात्रीने बोलता येईल, हे मला शिकायचं आहे.»

जग इथे एका तालुक्यातल्या विहिरींएवढं लहान झालं आहे. त्यामुळे इच्छा लहान झाली का? मला तसं वाटत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातून पाणी किती खोल आहे ते कळतं. खडक ते किती वेगाने देतो, ते कळत नाही. गाव दसऱ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून हरभरा घ्यायचा की ऊस ठेवायचा हे ठरवतं, तेव्हा या दुसऱ्या आकड्याची जागा अंदाजाने भरली जाते. हे तिने दोन ओळींत लिहिलं आणि थांबली. तिचा अभ्यास कुणाच्या उपयोगाला येईल हे त्यात आलं, आणि त्याच विद्यापीठात का जायचं हेही: तिथल्या एका प्राध्यापकांचं काम भेगाळलेल्या खडकांतल्या पाण्यावर आहे. ‘नामांकित संस्था’ आणि ‘जागतिक दर्जाचे अध्यापक’ हे शब्द मग आपोआप गळाले. तेवढ्याने चार ओळी वाचल्या, आणि दोन पानांच्या मर्यादेत चार ओळी म्हणजे पुष्कळ.

इतिहास किंवा समाजकार्यात ड्रम आणि सेकंद नसतात, अशी तक्रार होते. तिथे न जुळणारा एखादा कागद असतो, ठरवलेल्या प्रश्नावलीला भलतंच उत्तर देणारी बाई असते. तिथूनही सुरुवात करता येते, मात्र त्या दिवशीची टिपणं जपून ठेवलेली हवीत. माझ्याकडे मसुदा घेऊन येणाऱ्यांना मी आधी वही आणायला सांगतो. ज्यांच्याकडे वही नसते त्यांचे मसुदे सुधारणं कठीण जातं. त्यांना मार्गदर्शकाकडे जाऊन जुने ईमेल आणि अहवालाच्या खोडलेल्या प्रती शोधाव्या लागतात.

तिला एक काम उरलं होतं. शिफारसपत्र देणारे तिचे मार्गदर्शक ‘अत्यंत मेहनती व प्रामाणिक विद्यार्थिनी’ असं लिहिणार होते. तिने त्यांना चाचणीच्या नोंदी पाठवल्या आणि विचारलं, की थाइसचं उत्तर मी मागे घेतलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, ते पत्रात लिहाल का? त्यांनी लिहिलं. अहवाल आधीच सादर झाला होता, त्यामुळे शुद्धिपत्र जोडायला लागलं, आणि ते तिने स्वतःहून जोडलं, हेही.