जुनं बिल, नवा दर: नॉर्थविंडमध्ये काय राहून गेलं?

कोपरगावातल्या एखाद्या दुकानाचं उदाहरण घ्या. 20 सप्टेंबर 2025 ला शाम्पू विकला: 100 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, बिल 118 चं. 22 तारखेपासून जीएसटी 5 टक्के झाला म्हणून दुकानदाराने वस्तूंच्या टेबलमध्ये दर बदलला. बिल दर तिथूनच उचलत असेल, तर जुनं बिल पुन्हा छापल्यावर 105 येईल. माल परत आला तर ग्राहकाचे 13 रुपये गेले!

सरावाचा नॉर्थविंड डेटाबेस तुम्ही पाहिला असेलच. त्यात `Products` आणि `Order Details` दोन्हीकडे `UnitPrice` आहे. नॉर्मलायझेशन शिकल्यावर आपल्याला दुसरा कॉलम काढून टाकावासा वाटतो. पण ती पुनरावृत्ती नाहीच: पहिली आजची किंमत, दुसरी त्या दिवशी लावलेली. `Discount` सुद्धा ऑर्डरच्या ओळीतच आहे, तेही बरोबर. कराचा दर मात्र कुठेच नाही. आपल्याकडे हा नमुना जसाच्या तसा उचलला, तर तो इथेच अडतो. त्या ओळीत `TaxRate` हवाच.

तारीखवार भावांचं वेगळं टेबल ठेवलंत तरी गिऱ्हाइकाने घासाघीस करून ठरवलेला भाव त्यात सापडणार नाही.

तपासणी सोपी आहे: दर बदला, जुनं बिल छापा. बेरीज हलली, तर रचना चुकली.