भिंतच नव्हती, तर फोडायची काय?

गेल्या गणपतीत आमच्या मीरा रोडच्या सोसायटीतल्या पोरांनी मोबाईलवर पाच मिनिटांचं प्रहसन चित्रित केलं. विषय पाण्याचा टँकर. सेक्रेटरी भाषण ठोकतोय, मागे बादली घेऊन उभा असलेला भाडेकरू मध्येच कॅमेऱ्याकडे बघतो, विनोद एवढाच. गच्चीवर तालीम बघताना मी पोट धरून हसलो होतो. पडद्यावर मात्र कुणी हू की चू केलं नाही.

चौथी भिंत फोडणं म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तमाशातला सोंगाड्या समोरच्या माणसांशी बोलतोच, आणि गवळणीतली मावशी तर प्रेक्षकांना जमेत धरूनच पेंद्याला टोमणे मारते. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (1965) दादा कोंडके हवालदार म्हणून उभे राहायचे आणि त्या आठवड्याच्या राजकारणावर पदरचं काहीबाही जोडायचे. तिथे भिंत नव्हतीच. अडचण नेमकी इथेच आहे. कॅमेऱ्याकडे टाकलेल्या नजरेला मजा येते ती भिंत आधी पक्की उभी असेल तर. सोंगाड्या सतत आपल्याकडे बघतो, म्हणून त्याच्या बघण्याने आपण दचकत नाही.

याच्या उलट टोकाला ब्रिटिश ‘द ऑफिस’ (2001) आहे. कागद विकणाऱ्या कंपनीवर माहितीपट बनतोय, असा त्याचा बहाणा. साहेब डेव्हिड ब्रेंट काहीतरी भयंकर बोलून जातो आणि हाताखालचा टिम क्षणभर कॅमेऱ्याकडे बघतो. नोकरी टिकवायची असल्यामुळे त्याला तोंड उघडता येत नाही, म्हणून डोळे बोलतात. काटेकोर बोलायचं तर इथे भिंत फुटतच नाही, कारण कथेतच एक कॅमेरावाला हजर आहे. ‘फ्लीबॅग’मध्ये (2016) तसा कुणी नाही. नायिका थेट आपल्याशीच बोलते आणि तिची नजर दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, असं आपण गृहीत धरून बसतो. दुसऱ्या पर्वात (2019) तिच्या प्रेमात पडू लागलेला पाद्री अचानक विचारतो, आत्ता कुठे गेली होतीस? इतका वेळ आपण ज्याला विनोद समजत होतो, ती तिची पळवाट होती हे त्या प्रश्नाने उघडं पडतं. या तंत्राचा याहून खोल वापर मी तरी पाहिलेला नाही.

आता ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बघा. 2018पासून घराघरांत चालणारा कार्यक्रम, नट एकापेक्षा एक तयारीचे. पण नट हशा घेतो तो समोर बसलेल्या सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांच्याकडून. एखादा नट पाचकळ कोटी करतो, दुसरा हताश होऊन त्यांच्याकडे बघतो, की लगेच दृश्य बदलून प्रसाद ओक खुर्चीत लोळताना दिसतात. टिम जे आपल्यावर सोपवतो, ते इथे खुर्चीतल्या माणसांवर सोपवलेलं असतं. घरबसल्या आपण दुसऱ्याचं हसणं बघून हसतो. हे वाईट नाही, तमाशाच्या फडाशी त्याचं नातं आहे. पण नटाशी एकट्याने संगनमत करण्याचा चोरटा आनंद त्यात मिळत नाही. मराठी टीव्हीवरचा विनोद मला गर्दीतला वाटतो तो यामुळे.

एकट्याचं संगनमत जमवणं तसं फार नाजूक काम असतं. नजर घटनेच्या नंतर यायला हवी. आधी आली तर नट ‘आता हसा हं’ असं सांगतोय असं वाटतं. ती सेकंदभराची असावी आणि तिच्यावर भुवया, खांदे, तोंड वाकडं करणं असलं ओझं नसावं, कारण तो तर प्रतिक्रियेचा अभिनय झाला. शिवाय अनेक कॅमेरे लावलेल्या सेटवर कोणता कॅमेरा चालू आहे हे त्यावरच्या लाल दिव्यावरून नटाला कळावं लागतं. नाहीतर नजर जाते एकीकडे आणि पडद्यावर दिसतो कान.

आमच्या पोरांचं नेमकं तसंच झालं होतं. चौकट दिसावी म्हणून त्यांनी मोबाईल आडवा धरून पुढचा कॅमेरा लावला होता. बादलीवाला लेन्सकडे बघतच नव्हता. तो पडद्याच्या मध्यावर दिसणारा स्वतःचा चेहरा बघत होता. लेन्स एका कडेला, म्हणजे बोटभर अंतर, पण मोबाईल हातभरावर असल्यामुळे तेवढीही चूक डोळ्यांत स्पष्ट दिसते. तो शेजारच्या कुणाला शोधतोय असं वाटत होतं. कॅमेरा दूर असता तर एवढं कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी पोरांनी मागचा कॅमेरा वापरला, मोबाईल पार पाण्याच्या टाकीपाशी नेला आणि लेन्सला खेटून आईची लाल टिकली चिकटवली. बादलीवाल्याला एवढंच सांगितलं, भाषण संपलं की टिकलीकडे बघ आणि चेहऱ्याने काही करू नकोस. विसर्जनाच्या आदल्या रात्री ती चित्रफीत दाखवली तेव्हा पहिल्या रांगेतले आमचे खरे सेक्रेटरी खुर्चीत चुळबुळले. “हा माझ्याकडे काय बघतोय?” म्हणाले.