लुगड्याचा काठ आणि आजीचं साल

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघते आणि पिंपळी-लिमटेक मागे टाकत काटेवाडीला येते. तिथे परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगरांची मेंढरं पालखीभोवती गोल रिंगण धरतात, आणि त्या काही मिनिटांसाठी फोटोवाल्यांची झुंबड उडते. मेंढरांचे फोटो मिळाले की कॅमेरे म्हाताऱ्या बायकांकडे वळतात. दुसऱ्या दिवशीच्या पानावर सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर तुळशीवृंदावन, नऊवारी लुगडं आणि थकल्या पायांत विठ्ठलाचं बळ, असा मजकूर हमखास सापडतो. त्या बाईचं नाव नसतं, गाव नसतं, दिंडीचा क्रमांकही नसतो. खरं तर वारीत दिंड्यांना क्रमांक असतात आणि दिंडी रथापुढची की रथामागची, हेही ठरलेलं असतं. ‘बाई, कुठली दिंडी?’ एवढं विचारलं तरी मथळ्याखालच्या ओळीत काहीतरी खरं आलं असतं.

मराठीत आजीचं वर्णन करण्याची कला सध्या अशा ठिकाणी अडकली आहे. आजी म्हटली की पिकलं पान, बोळकं, काठी, मायेचा हात आणि गोधडी हे आपोआप येतं. यातलं खोटं असं काही नाही. मात्र ते कुठल्याही आजीला लावता येतं, म्हणून कुणाचंच होत नाही. म्हाताऱ्या बाईच्या अंगावरच्या प्रत्येक गोष्टीला एक साल असतं आणि एक कारण असतं. लिहिणाऱ्याने ते शोधायचं असतं, आणि नेमका तोच भाग आजकालच्या लेखनातून गळतो.

याच वाटेवरच्या पिंपळीतलं उदाहरण साऱ्या महाराष्ट्राने वाचलं आहे. लता भगवान करे या शेतमजुरी करणाऱ्या बाई २०१३ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात धावल्या आणि जिंकल्या. आजारी नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. त्या लुगडं नेसून, अनवाणी धावल्या. पुढच्या काळात त्या पुन्हा धावल्या. २०२० साली त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. एवढी ठळक नोंद असलेली ही बाई, पण तिच्यावरचे मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वय कुठे ६१, कुठे ६५, कुठे त्याहूनही जास्त. ‘नऊवारी’ आणि ‘अनवाणी’ हे दोन शब्द मात्र एकही बातमी सोडत नाही. बाईंच्या शरीराबद्दल, चालीबद्दल, चेहऱ्याबद्दल वाचकाला जवळपास काहीच कळत नाही. लुगडं आणि उघडे पाय यांवर बातमी भागते.

त्यातही लुगडं दिसलं, त्याचं काम दिसलं नाही. बातमीचा सूर असा, की नऊवारी असूनही त्या धावल्या. शेतात राबणाऱ्या बायका लुगडं कसं नेसतात हे ज्याने पाहिलंय त्याला हे ‘असूनही’ खटकेल. काष्टा मागे घट्ट खोचला की दोन्ही पाय मोकळे होतात. खालचा घेर पोटरीपर्यंत वर घेता येतो, पदर कमरेला खोचता येतो. वाफ्यात वाकायला, बांधावर चढायला आणि डोक्यावर भारा घेऊन पाणंदीतून झपाझप चालायला याच नेसणीचा उपयोग होत आलाय. सहावारीच्या निऱ्यांत पाय अडकतो, काष्ट्यात तितका अडकत नाही. हे एक वाक्य त्या बातम्यांत असतं, तर ‘गरीब बिचारी आजी’ ऐवजी आयुष्यभर चालून पाय तयार झालेली, कामाच्या कपड्यात उतरलेली बाई दिसली असती.

वयाचा घोळ समजून घेण्यासारखा आहे, कारण तो फक्त बातमीदाराच्या आळसाचा नाही. बारामती-इंदापूर भागात आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या बऱ्याच बायकांच्या जन्माची वेळच्या वेळी नोंद झाली नव्हती. आधार काढताना वय अंदाजाने सांगितलं तर जन्मतारीख १ जानेवारी पडते. शाळेत गेलेल्यांची गुरुजींनी लावलेली १ जून असते. त्यात वयाला पैशाचं मोलही आहे. श्रावणबाळ योजनेच्या पगाराला ६५ वर्षं लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट आहे. म्हणून कागदावरचं वय आणि खरं वय यांत दोन-चार वर्षांचं अंतर पडलं तर नवल नाही. त्यात बाईचा दोष शोधायलाही जाऊ नये.

मग वय कसं काढायचं? जुन्या बायकांना साल आठवत नाही, पण सालात काय घडलं ते पक्कं आठवतं. समजा एक आजी म्हणते, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला मांडीवर होता, त्याला सावलीला निजवून खडी फोडायला बसायचे.’ लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, मिलो खाल्लेला आठवतो का? तांबड्या मिलोच्या भाकरीची चव ती सांगू लागली, तर दुष्काळाची आठवण तिची स्वतःची आहे, ऐकीव नाही. मग कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भांडी वाजली तेव्हा ती माहेरी होती की सासरी? ‘माहेरी, पण लग्न ठरलेलं होतं,’ असं उत्तर आलं की गणित जुळतं. लग्न १९६८ च्या आसपास, तेव्हा वय तेरा-चौदा, पहिलं मूल सतरा-अठराव्या वर्षी, म्हणजे जन्म १९५४ च्या आगेमागे. ही बाई आज सत्तरी ओलांडलेली आहे. आधारवर १ जानेवारी १९४८ असेल तरी लेखात ‘सत्तरीच्या पुढची’ असं लिहिणं जास्त खरं. आणि ‘कोयनेच्या भूकंपानंतर लग्न होऊन या घरात आलेली’ असं लिहिलं तर वयही कळतं आणि बाईही. एक सावधगिरी मात्र हवी. एकाच आठवणीवर वय टांगू नये, कारण ‘बहात्तरचा दुष्काळ’ १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला आणि मांडीवरचं मूल थोरलं की दुसरं, यात आठवण चकते. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तरच आकडा लिहावा, नाहीतर ‘सत्तरीच्या आसपास’ पुरे.

चेहऱ्याचंही असंच. सुरकुत्या सगळ्यांनाच पडतात, म्हणून सुरकुती लिहून काही सांगितल्यासारखं होत नाही. कपाळ पाहावं. मेण लावून वर्षानुवर्षं पिंजर भरलेल्या कपाळावर कधी कधी त्या जागेची कातडी वेगळी दिसते, नवरा गेल्यावर कुंकू थांबलं तरी. हनुवटीवरचं गोंदण पाहावं. हाताने सुईने टोचलेले ठिपके काळाबरोबर पसरून निळसर-हिरवे होतात, जत्रेत मशीनवर काढलेलं गोंदण त्यामानाने बारीक रेषेचं असतं. हातावर नाव असेल तर कुणाचं ते विचारावं, भावाचंही असतं. कानाच्या पाळ्या जड दागिन्याने ओघळलेल्या असतील आणि कानात काहीच नसेल, तर दागिना कुठे गेला याची एखादी गोष्ट असते. तो मोडला मुलीच्या लग्नात, की विहिरीच्या कामात? इथे आदराचा प्रश्न येतो. विचारावं, पण तिने सांगितलं नाही तर अंदाज छापू नये. मिश्रीने काळे झालेले दात, मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा, गुडघ्यांतून बाहेरच्या बाजूला वाकलेले पाय हे सगळं लिहिण्याजोगं आहे. ते हसण्यासाठी किंवा हळहळण्यासाठी लिहिलं की बिघडतं.

कपड्यांच्या बाबतीत मराठी साहित्यात एक फार मोठा धडा आहे, आणि तो काटेवाडीपासून लांबचा नाही. नीरेपलीकडच्या फलटणला राहिलेल्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आलं. महार बायकांना लुगड्याचा काठ निऱ्यांखाली झाकून नेसावं लागे, काठ मिरवण्याचा हक्क वरच्या जातींच्या बायकांचा, हे त्यांनी लिहून ठेवलं. ते वाचल्यावर ‘नऊवारी नेसलेली आजी’ हे वर्णन किती पोकळ आहे ते ध्यानात येतं. कोणत्या घरातली बाई, काठ दिसतो की दडवलेला, पदर डोक्यावरून की खांद्यावरून, काष्टा कसा, हे टिपलं तर नेसणीत जात, काम आणि काळ तिन्ही सापडतात. इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचं १९६४ चं ‘पालखी’ आजही ताजं वाटतं, कारण ही मंडळी वारकऱ्यांबरोबर स्वतः चालली होती. आजचा बातमीदार रिंगणापुरता गाडीतून उतरतो. त्याला दोष तरी किती द्यायचा? त्याला संध्याकाळच्या आत ओळी पाठवायच्या असतात.

कापडही नावाने लिहावं. इरकली लुगडं म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, तांबड्या पदरावर पांढरे पट्टे असलेलं. त्यावर खणाची चोळी. पण आज रोजच्या वापरातलं लुगडं इरकलीच असेल असं समजून लिहू नये, मिश्र धाग्याचं, लवकर वाळणारं लुगडं कित्येकींच्या अंगावर असतं. पांढरं लुगडं दिसलं म्हणून विधवा, हेही ठरवून टाकू नये. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते, तिथल्या आज्या गुलाबी लुगड्यात दिसतात, कारण तो त्यांच्या शाळेचा गणवेश आहे. तो फोटो पाहून ‘गावाकडच्या आजींचा पोशाख’ असं कुणी लिहिलं तर ती सरळ चूक.

नावाची गोष्ट शेवटी काढावी लागते, कारण तिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. घरात नातू ‘आज्जे, तू बस’ म्हणतो, त्यात माया आहे. अनोळखी लेखकाने पहिल्या परिच्छेदात नाव द्यावं, पुढे ‘लताबाई’ म्हणावं आणि ‘त्या’ लिहावं. पन्नास-पंचावन्नच्या पुरुषाला कुणी ‘आजोबा’ म्हणून मथळ्यात बसवत नाही. त्याच वयाची बाई लुगड्यात दिसली की मात्र ती ‘आजी’ होते, मग तिला नातवंडं असोत वा नसोत.

आणि हा साचा येत्या काही वर्षांत नुसता अपुरा नाही, तर चुकीचाच ठरणार आहे. काटेवाडीत आता साठीला टेकणाऱ्या बायका १९६० च्या दशकातल्या. त्यांच्यातल्या कित्येकजणी शाळेत गेल्या, त्यांची जन्मतारीख १ जून आहे, गोंदण नाही किंवा एखादाच ठिपका आहे. गावकीच्या कार्यक्रमाला त्या सहावारी नेसतात, घरात गाऊन घालून वर टॉवेल किंवा ओढणी घेतात. त्यांच्याकडे पाहताना गाऊनवर पदरासारखी घेतलेली ती ओढणी टिपायला हवी, आणि सासरे आले की ती डोक्यावर जाते की नाही, हेही.