‘श्रावणमास’: हिरवळ कोणाची?

बालकवींची ‘श्रावणमास’ मी शाळेत पाठ केली, तेव्हा माझी आई श्रावणात दुसऱ्यांच्या कपाशीत निंदणीला जात असे. कवितेतला श्रावण आणि घरी चिखलाच्या पायांनी येणारा श्रावण एकच कसा, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, आज पडतो.

बालकवी (१८९०–१९१८) खानदेशातल्या धरणगावचे. तो मुलूख कपाशीचा. श्रावणात तिथे पीक गुडघ्याएवढे असते आणि तण पिकाच्या पुढे धावत असते. चार दिवस उघडीप मिळाली की बाया विळे-खुरपी घेऊन ओळीने बसतात. कवितेत ऊन-पावसाचा हाच खेळ आहे. पण तिथे उघडीप म्हणजे शोभा, शेतात ती निंदणीची वेळ. कवितेत कपाशी नाही, ज्वारी नाही, खुरपे नाही. स्त्रिया आहेत, पण त्या नगराच्या वेशीवर पूजेची फुले-पत्री खुडतात आणि देवदर्शनाला जातात. म्हणजे इथला श्रावण शेतीच्या नव्हे, व्रतांच्या पंचांगातला आहे. सोनचाफा, केवडा आणि सत्यभामेची आठवण देणारा पारिजात ही फुलेही एखाद्या विशिष्ट रानातली वाटत नाहीत. ती परंपरेने एकत्र आणलेली आहेत.

गुरे राखणाऱ्याचेही तसेच. तो गुराखी नाही, ‘गोप’ आहे. या नावाने तो गोकुळात जातो आणि त्याच्या हाती पावा येतो. प्रत्यक्षात १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलात गुरे चारणे ही परवानगीची, चराईच्या पैशांची बाब झाली होती. कवितेतल्या कुरणाला मालक नाही, म्हणून तिथे कोणी अडवतही नाही. हे दृश्य सोयीचे आहे ते ज्याला तिथे गुरे चारायची नाहीत अशा पाहणाऱ्याला.

मात्र कविता एवढ्यावर निकालात काढली, तर आपले वाचन अपुरे राहील. तिच्यातली पाखरे ओले पंख स्वतःसाठी झाडतात, हरिणी पाडसांसह स्वतःच्या आनंदात बागडतात. त्यांची शिकार होत नाही, त्यांच्यापासून कोणाला काही मिळत नाही. वनाची किंमत लाकडात आणि जमिनीची कापसात मोजली जात होती, त्या काळात जिवांना असे निरुपयोगी राहू देणे ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: या कवितेने पाखरांना त्यांचे जगणे दिले, ते माणसांना दिले नाही. माणसे तिथे शोभेपुरती आली. निसर्ग निर्मळ दिसावा यासाठी कवितेने निंदणारी बाई बाजूला ठेवली. पण तिने तण काढले नसते, तर कवितेबाहेरच्या शेतात उरलेली हिरवळ पिकाची नसती.