कॅमेरा आभाळात, कान मात्र रस्त्यावर

आषाढी जवळ आली की दिवेघाटाचे ड्रोनमधून टिपलेले व्हिडिओ फोनवर यायला लागतात. नागमोडी रस्ता, त्यावर पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, मधे माउलींचा रथ. चित्र दरवर्षी अधिक देखणं होत चाललंय. आवाज मात्र बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा: स्टुडिओत गायलेला एखादा अभंग, हार्मोनियम आणि भरपूर रिव्हर्ब. सगळा घाट एकाच गळ्यानं, एकाच लयीत गातोय असं वाटावं अशी ही जोडणी. प्रत्यक्षात पुढची दिंडी एक अभंग म्हणत असते, मागची दुसराच, तिसरी नुसताच ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर करत असते आणि त्यांच्या मधे एखाद्या टेम्पोवरचा कर्णा वाजत असतो.

हवाई चित्रीकरणाला बाहेरून आणलेला आवाज लावणं यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. दुसरा मार्गच नाही. कॅमेरा वाहणाऱ्या बहुतेक ड्रोनना माइक नसतोच. काही ॲपमध्ये चालकाच्या फोनच्या माइकवरून आवाज घेण्याची सोय असते, पण त्यात खाली उभ्या माणसांचं ‘जरा डावीकडे घे, झाड बघ’ एवढंच सापडतं. रेसिंगच्या ड्रोनवर गोप्रो बसवला तर आवाज मिळतो, पण तो पंख्यांचा. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर हवेला सेकंदाला २०० ठोके बसतात, म्हणजे २०० हर्ट्झचा सूर आणि त्यावर ४००, ६००, ८०० अशी त्याची पिलावळ. असे चार पंखे, आणि ड्रोन स्थिर राहावा म्हणून चौघांचा वेग क्षणाक्षणाला बदलता. शिवाय पात्यांच्या टोकांशी घुसळणाऱ्या हवेची सपाट खरखर आहेच. गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर आधी गोंगाटाचा नमुना शिकतं आणि तो सगळीकडून वजा करतं. एसीची घरघर त्यानं छान जाते. इथे नमुनाच दर सेकंदाला बदलतो, आणि ज्याला वाचवायचं तो टाळाचा आवाज त्या गोंगाटाच्या कितीतरी खाली गाडला गेलेला असतो. काढून काढून हाती उरतं ते पाण्याखालून बोलल्यासारखं काहीतरी. म्हणून तो ट्रॅक फेकायचा आणि स्वच्छ ध्वनिमुद्रण दुसरीकडून आणायचं, हे आता सर्वमान्य आहे.

प्रश्न आणलेला आवाज कुठून ऐकलेला आहे, हा आहे. माझी तक्रार तिथे सुरू होते. डोळा शंभर मीटर वर जातो आणि कान रस्त्यावरच उभा राहतो.

हवाई चित्रीकरणाच्या कलेनं आजवर हा प्रश्न बहुतेक वेळा टाळलाच. गॉडफ्री रेजिओच्या ‘कोयानिसकात्सी’नं (१९८२) आकाशातून दिसणाऱ्या जगावर फिलिप ग्लासचं संगीत अंथरलं. यान आर्त्युस-बेर्त्राँच्या ‘होम’मध्ये (२००९) निवेदन आणि संगीत आहे. दोन्ही चित्रपटांनी आवाजाचं वास्तव दाखवण्याचा दावा केला नाही, त्यामुळे तो त्यांचा दोषही नाही. पण त्यांच्यानंतर आलेल्यांनी त्यातून एवढाच धडा घेतला की वरून चित्र असलं की खाली संगीत ओतायचं. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांच्या व्हिडिओत त्याची जागा नगाऱ्यांनी आणि प्रत्येक वळणाला येणाऱ्या ‘व्हूश्श’नं घेतली आहे. जाक पेराँच्या ‘विंग्ड मायग्रेशन’नं (२००१) निराळी वाट धरली. त्यातली कितीतरी दृश्यं मोटरवर चालणाऱ्या हलक्या विमानांतून टिपलेली आहेत, पण पडद्यावर मोटर ऐकू येत नाही, ऐकू येतात पंख. प्रेक्षकाचा कान पक्ष्याशेजारी नेऊन बसवला, आणि डोळाही तिथेच होता.

मला या बाबतीत सर्वांत जास्त शिकण्यासारखा वाटतो तो २०२१ मधला जेमतेम दीड मिनिटाचा ‘राइट अप अवर ॲली’. मिनियापोलिसच्या एका बोलिंग ॲलीतून छोटा ड्रोन एका दमात फिरतो: दारातून आत, गल्ल्यांवरून, यंत्रांच्या मागून, गप्पा मारणाऱ्यांच्या कानाजवळून. आवाज सगळा नंतर लावलेला. तरी तो खरा वाटतो, कारण संवाद आपण जवळ जाताना उमलतो आणि पुढे सरकलो की मागे पडतो. इथे आवाज हा पार्श्वभूमी नसून कॅमेऱ्याची हालचाल आहे.

हेच दिवेघाटात करायचं तर काय करावं लागेल? एक दृश्य घेऊ. परवानगी हातात आहे. ड्रोन रस्त्याच्या कडेला, एका दिंडीपासून दहा मीटरवर सुरू होतो आणि चाळीस सेकंदांत शंभर मीटर वर जातो. अंतर दसपट झालं. एकट्या माणसाचा आवाज, म्हणजे विणेकऱ्याची एखादी तान किंवा चोपदाराची हाक, एका बिंदूतून सगळीकडे पसरतो. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे दसपटीला २० डेसिबल. पण वारी बिंदू नाही, रेघ आहे. लांबलचक रेघेतून येणारा आवाज दुपटीला ३ डेसिबलनंच उतरतो, म्हणजे दसपटीला १०. म्हणून वर जाताना सगळं सारखं बारीक होत नाही. एकेकटा माणूस विरतो आणि समुदाय टिकतो. गायकी हरवते, गजर राहतो. मिक्सिंगमध्ये एकच ट्रॅक घेऊन त्याचा आवाज कमी करत नेला, तर नेमकी हीच गोष्ट हरवते.

म्हणून निदान दोन ध्वनिमुद्रणं लागतात. पहिलं दिंडीच्या अगदी जवळचं, ज्यात टाळांची किणकिण आणि मृदंगाची थाप वेगवेगळी ऐकू येते. दुसरं रस्त्यापासून दीड-दोनशे मीटरवरच्या उतारावर उभं राहून केलेलं, ज्यात चार-सहा दिंड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. दुसरंच महत्त्वाचं, आणि तेच कुणी करत नाही. घाटात वारा असतो, त्यामुळे माइकवर केसाळ कव्हर हवंच. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं न हलता, न बोलता थांबायचं. लहान तुकडा घेतला तर तो पुन्हा पुन्हा जोडावा लागतो, आणि त्यात पोलिसाची शिट्टी आली असेल तर ती दर वीस सेकंदांनी वाजते. एकदा ते लक्षात आलं की प्रेक्षकाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

ड्रोन खाली असेपर्यंत त्याची घरघर जमिनीवरच्या माइकमध्येही शिरते, म्हणून जवळचं ध्वनिमुद्रण त्याच वेळी होत नाही. ड्रोन उतरेपर्यंत दिंडी पुढे गेलेली असते. इथे एक सवलत आहे: दहा मीटरवरून टाळ धरलेले हात आणि पावली दिसतात, तिथे ठेका जुळलाच पाहिजे, पण तीस-चाळीस मीटर वर गेल्यावर हात दिसेनासे होतात. म्हणजे अचूक जुळवणी सुरुवातीच्या बारा-सोळा सेकंदांपुरतीच लागते. तेवढ्यासाठी तीच दिंडी, तोच अभंग, जवळपास तीच लय चालते.

मग जोडणी. जवळचा ट्रॅक चाळीस सेकंदांत २० डेसिबल खाली न्यायचा, दूरचा आठव्या-दहाव्या सेकंदापासून हळूहळू वर आणायचा. साध्या सरळ रेषेतला क्रॉसफेड इथे दगा देतो: दोन ध्वनिमुद्रणांचा एकमेकांशी काही संबंध नसल्यामुळे मधोमध एकूण आवाज ३ डेसिबलनं खचतो आणि ड्रोन खड्ड्यातून गेल्यासारखं वाटतं. ‘इक्वल पॉवर’ नावाचा वक्र वापरला की तो खड्डा भरतो. शिवाय हवा उंच सूर गिळते. दमट हवेत शंभर मीटरमध्ये ८००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आणखी सात-आठ डेसिबलनं मरतो, १००० हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे वर जाताना जवळच्या टाळांची धार बोथट झाली पाहिजे. त्यासाठीचा फिल्टर न लावल्यामुळेच बहुतेक जोडण्या चिकटवल्यासारख्या वाटतात: टाळ लहान होतो, पण लांब जात नाही. आणि रिव्हर्ब अजिबात नको. उघड्या घाटाला छत नसतं. कड्यावरून येईल तो सुटा प्रतिध्वनी, हॉलचा घुमार नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: शंभर मीटरवर खरंच काय ऐकू येतं हे कुणी ऐकलंय? एकोणिसाव्या शतकात बलूनमधून फिरणाऱ्यांनी ऐकलंय. कामीय फ्लामारियाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं आगगाडीची शिट्टी ३००० मीटरवर, कुत्र्याचं भुंकणं १८०० मीटरवर आणि बेडकांचं डरावणं ९०० मीटरवर ऐकू आल्याची नोंद केली आहे. वर जाणाऱ्या आवाजाला झाडं, भिंती, चढउतार आडवे येत नाहीत, आणि वर दुसरा गोंगाटही नसतो. तेव्हा मी वर दिलेले आकडे आवाजाचं उतरणं सांगतात, नाहीसं होणं नव्हे. २० डेसिबलनं उतरलेली बैलाच्या गळ्यातली घंटा वरच्या शांततेत टोचून ऐकू येऊ शकते, आणि मिक्समध्ये ती एकदा, नेमक्या जागी ठेवणं हा गणिताचा नव्हे तर कानाचा निर्णय आहे. बलूनचा दुसरा धडा त्या लाडक्या ‘व्हूश्श’बद्दल आहे. बलून वाऱ्याबरोबरच वाहतो, म्हणून त्यात वारा जाणवत नाही. वाऱ्याबरोबर सावकाश वाहत जाणाऱ्या दृश्याला सोसाट्याचा वारा लावायला काहीच आधार नाही. वेगानं कड्यावरून झेपावणाऱ्या दृश्यात तो शोभतो, तिथे असू द्यावा.

संग्रहातून उचललेल्या आवाजांचा घोळ वेगळाच. हॉलिवुडनं टक्कल गरुडाच्या तोंडी लालशेपट्या ससाण्याची किंकाळी घातली आणि टारझनच्या आफ्रिकेत ऑस्ट्रेलियाचा कूकाबरा हसवला. आपण त्याच वाटेनं चाललोय. ‘सकाळचं जंगल’ या नावानं मिळणाऱ्या फायलींत बहुधा युरोपातले पक्षी असतात, आणि ते भर पावसातल्या ताम्हिणीवर गातात, जिथे मलबारी कस्तुराची शीळ असायला हवी होती. झेनो-कँटोवर पक्ष्यांचे आवाज जागा आणि तारखेसह मिळतात, फ्रीसाउंडवर परिसराचे आवाज मिळतात, पण परवाना वाचावा लागतो: अव्यावसायिक अट असलेली फाईल जाहिरात चालणाऱ्या चॅनेलवर वापरता येत नाही.

बातमीत वापर असेल तर मात्र माझं मत कडक आहे. मोर्चाच्या हवाई दृश्याखाली दुसऱ्या मोर्चाच्या घोषणा घालणं म्हणजे ध्वनिसंयोजन नव्हे, ती खोटी बातमी आहे. तिथे दृश्य मुकं ठेवावं किंवा आवाज वेगळा मुद्रित केल्याचं पडद्यावर लिहावं.

वारीच्या व्हिडिओला एवढी कडक अट लागू नाही, पण सुधारणेची सुरुवात फाईलच्या नावापासून होऊ शकते. घाटात उभं राहून पाच मिनिटं मुद्रण करणारे आता बरेच आहेत, फक्त त्यांच्या फायलींची नावं ‘वारी फायनल २’ अशी असतात. वळण कोणतं, रस्त्यापासून अंतर किती, पुढे-मागे कोणत्या दिंड्या, वारा कुठून, एवढं नावात किंवा मुद्रणाच्या सुरुवातीला बोलून ठेवलं, तर पुढच्या वर्षी ड्रोन उडवणाऱ्याला शंभर मीटरसाठी कोणता ट्रॅक घ्यायचा ते न ऐकताही कळेल.