चाळीस पानांचे एक पान

अकरावीच्या एका विद्यार्थिनीने घटक चाचणीसाठी केलेले उजळणीचे पान माझ्यासमोर आहे. विषय पेशीविभाजन. वर्गात घाईघाईने उतरवलेली चाळीस पानांची टिपणे तिने बारीक अक्षरात एका पानावर बसवली आहेत. लेप्टोटीनपासून डायकायनेसिसपर्यंतची नावे क्रमाने आहेत, व्याख्यांखाली लाल रेघा आहेत. मेहनत दिसते. पण हा सारांश आहे का?

मी तिला विचारले, "कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीत 16 गुणसूत्रे असतात. एस अवस्थेनंतर किती?"

"बत्तीस, सर. पानावर आहे ना, 'एस : दुप्पट'."

मूळ टिपणात वाक्य पूर्ण होते : डीएनए दुप्पट होतो, गुणसूत्रांची संख्या तीच राहते. जागा वाचवताना वाक्याचा कर्ता आणि उत्तरार्ध दोन्ही गळाले. गुणसूत्रे मोजायची ती सेंट्रोमिअरवरून. प्रत तयार झाली तरी दोन्ही क्रोमॅटिड एकाच सेंट्रोमिअरपाशी जोडलेली असतात, म्हणून गुणसूत्रे 16 आणि क्रोमॅटिड 32.

नावे पाठ करण्याआधी या दोन संख्यांचा माग काढला, तर पान आपोआप आखले जाते. सुरुवातीस पेशीत 16 गुणसूत्रे व डीएनएची 2 मापे आहेत असे धरू. एस अवस्थेनंतर 16 आणि 4. मायटोसिसमध्ये क्रोमॅटिड वेगळी होतात आणि प्रत्येक कन्यापेशीला 16 व 2 मिळतात. मियोसिसच्या पहिल्या विभाजनात मात्र क्रोमॅटिड जोडलेलीच राहतात, समजात गुणसूत्रांच्या जोड्या फुटतात. म्हणून 8 आणि 2. दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड सुटतात : 8 आणि 1. चार ओळींचा हा तक्ता पानाच्या मध्यभागी असावा. अवस्थांची नावे चाचणीत विचारली जातात, तेव्हा ती गाळू नयेत. पण समासात एका ओळीत पुरतात. फळ्यावरून पुनःपुन्हा उतरवलेल्या त्याच आकृत्या निर्धास्त सोडून द्याव्यात.

या तक्त्यालाही मर्यादा आहे. पॅकिटीनमध्ये जीनविनिमय होतो, तेव्हा दोन्हींपैकी एकही संख्या बदलत नाही. म्हणजे तक्त्यात तो दिसणारच नाही. त्यासाठी दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढलेली एक छोटी आकृती हवी. जे आकड्यांत मावत नाही, त्यासाठीच आकृतीची जागा राखून ठेवावी.

पान जमले की नाही, हे पानावर नसलेल्या उदाहरणाने तपासावे. पान उलटे ठेवून माणसाच्या 46 गुणसूत्रांचा प्रश्न घाला : मियोसिसच्या पहिल्या विभाजनानंतर एका पेशीत किती? नुसते "तेवीस" हे उत्तर अर्धे आहे. "तेवीस, प्रत्येकी दोन क्रोमॅटिडची" असे उत्तर आले, तर चाळीस पाने खरोखर एका पानात आली असे समजावे.